नडगीवरच्या लाल गाठी आणि छातीचा एक्स-रे

प्रश्न: माझं वय ३१. दहा-बारा दिवसांपासून दोन्ही नडग्यांवर लाल, गरम, हात लागला तरी ठणकणाऱ्या गाठी येताहेत. आत्ता सहा-सात आहेत. घोटे सुजलेत, संध्याकाळी कणकण वाटते. त्वचारोगतज्ज्ञांनी ‘एरिथीमा नोडोसम’ असं नाव सांगितलं आणि रक्ताच्या तपासण्या, टीबीची चाचणी आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला. मला खोकला नाही, दम लागत नाही. दुखतात पाय, मग फोटो छातीचा कशाला? मैत्रिणीच्या बहिणीला हेच झालं होतं, तिला स्टिरॉईडच्या गोळ्यांनी दोन दिवसांत आराम पडला. मीही त्याच घेऊ का?

उत्तर:

नका घेऊ. निदान एक्स-रे आणि टीबीच्या चाचणीचा निकाल हातात येईपर्यंत तरी नाही. निकाल आल्यावर बहुधा असं दिसेल की त्या गोळ्यांची गरजच नव्हती, कारण या गाठी आपोआप बसतात. मैत्रिणीच्या बहिणीला दोन दिवसांत आराम पडला यात नवल नाही. स्टिरॉईड दाह दाबतं, आणि या गाठी म्हणजे निव्वळ दाह. पण तो दाह कशामुळे पेटला, याचं उत्तर त्या गोळीत नसतं.

आधी गाठ म्हणजे काय ते पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. या गाठी कातडीत नसतात, कातडीखालच्या चरबीच्या थरात असतात. चरबी एकसंध नसते. संत्र्याच्या फोडींमध्ये जसे पापुद्रे असतात तसे तिच्या कप्प्यांमध्ये पातळ पडदे असतात, आणि त्या पडद्यांतून बारीक रक्तवाहिन्या जातात. एरिथीमा नोडोसममध्ये सूज येते ती मुख्यतः या पडद्यांना. फोडी, म्हणजे चरबीचे कप्पे, बऱ्यापैकी शाबूत राहतात. म्हणून गाठ दुखते खूप, पण फुटत नाही, तिच्यात पू होत नाही आणि बरी झाल्यावर खड्डा किंवा व्रण राहत नाही. पहिल्या आठवड्यात ती लालभडक आणि टणक असते. मग जांभळट होते, आणि शेवटी मार लागल्यावर काळंनिळं-पिवळं पडतं तशी दिसून विरते. एकेक गाठ साधारण दोन-तीन आठवड्यांत जाते. मध्ये नव्या येत राहतात, त्यामुळे सगळं प्रकरण तीन ते सहा, कधी आठ आठवडे चालतं.

हा दाह जंतू तिथे येऊन बसल्यामुळे होत नाही. गाठीत सुई घालून कल्चर केलं तर सहसा काहीच वाढत नाही. शरीरात दुसरीकडे कुठे तरी, म्हणजे घशात, फुप्फुसात, आतड्यात, एखादी गोष्ट घडलेली असते, आणि रोगप्रतिकारशक्तीने त्या गोष्टीला दिलेली प्रतिक्रिया नडगीवर उमटते. नडगीच का, याचं पक्कं उत्तर नाही. तिथला रक्तपुरवठा मुळात बेताचा, रक्त आणि लसिका वर चढवायला लगत स्नायूंचा जोर कमी, आणि उभं राहिल्यावर सगळा भार तिथे, असा एक अंदाज मांडला जातो. पटण्यासारखा आहे, सिद्ध झालेला नाही.

तुमच्या डॉक्टरांनी नडगी पाहून निदान केलं आणि तपासण्या मात्र इतर अवयवांच्या लिहिल्या, त्याचं कारण हे. गाठींचं निदान डोळ्यांनी आणि बोटांनीच होतं, त्याला सहसा चाचणी लागत नाही. चाचण्या असतात त्या ठिणगी शोधायला.

आता ती ठिणगी कुठे असू शकते. यादी बरीच लांब आहे आणि ती सगळी मी इथे ओतणार नाही, कारण रात्री जागून ती वाचणारे लोक पहाटेपर्यंत स्वतःला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झाल्याचं ठरवून मोकळे होतात. जवळपास निम्म्या लोकांमध्ये सगळ्या तपासण्या करूनही काहीच सापडत नाही, आणि तरीही गाठी जातात. उरलेल्यांमध्ये नेहमी भेटणारी कारणं मोजकी आहेत: स्ट्रेप्टोकोकस जंतूचा घसा, टीबी, सार्कॉयडोसिस, आतड्याचे दाहाचे आजार, काही औषधं आणि गर्भारपण. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी जास्त होतो आणि विशी ते चाळिशीत सर्वांत जास्त दिसतो, म्हणून शेवटच्या दोन कारणांबद्दल तुम्हाला आवर्जून विचारलं गेलं असेल. नसेल विचारलं तर तुम्ही होऊन सांगा.

माझ्याकडे असा रुग्ण आला की कागदावर चाचण्या लिहिण्याआधी मी मागच्या सहा आठवड्यांची उजळणी करून घेते. घसा दुखला होता का? स्ट्रेप्टोकोकसच्या घशानंतर गाठी लगेच येत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनी येतात. तोवर घसा विसरलेला असतो, त्यामुळे ‘सर्दी-घसा?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. ‘गिळताना दुखून एखादा दिवस घरी राहिलात का, कुठलं अँटिबायोटिक घेतलंत का’ असं विचारलं की आठवतं. मग दुसरा घोळ होतो. त्या घशासाठी पेनिसिलिन किंवा सल्फाचं औषध दिलेलं असतं आणि ही दोन्ही औषधंही गाठी आणू शकतात. मग दोष घशाला द्यायचा की गोळीला? इथे तारखा उपयोगी पडतात: घसा कधी, गोळी कधी सुरू, पहिली गाठ कधी. त्या लिहूनच आणा. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. चार वर्षं बिनतक्रार चाललेली गोळी आज अचानक दोषी ठरण्याची शक्यता कमी. तीन महिन्यांपूर्वी सुरू केलेली असेल तर ती संशयितांत पहिली.

पोटाबद्दल विचारताना लोक लाजतात, पण ते महत्त्वाचं आहे. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, शौचावाटे रक्त, वजन उतरणं, तोंडात सारखे येणारे छाले, यांतलं काही असेल तर क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचा विचार करावा लागतो. आतड्याचा आजार उसळला की या गाठीही बहुतेक वेळा सोबत उसळतात. याचा परिणाम थेट उपचारावर होतो, कारण गाठींसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या नेप्रोक्सेनसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा आतड्याला आणखी बिघडवू शकतात.

हे सगळं विचारून झालं की मग तपासण्या. तुम्हाला लिहून दिलेल्या यादीत बहुधा रक्तपेशींची मोजणी, ईएसआर, सीआरपी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, एएसओ, घशाचा स्वॅब, टीबीसाठी कातडीत टोचून होणारी मँटू किंवा रक्तातून होणारी आयजीआरए, आणि एक्स-रे असेल. गर्भधारणेची शक्यता असेल तर ती चाचणी सर्वांत आधी, कारण तिच्या निकालावर एक्स-रे कसा काढायचा आणि कोणती गोळी चालेल हे ठरतं. यातल्या ईएसआर आणि सीआरपीचे आकडे पाहून घाबरू नका. या विकारात ते बहुधा वाढलेलेच असतात. शरीरात दाह आहे एवढंच ते सांगतात, कुठे आणि का हे नाही. पुढे आजार उतरतोय का हे पाहायला मात्र ते कामाला येतात.

एएसओबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण हा आकडा सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो. एएसओ म्हणजे स्ट्रेप्टोकोकसच्या एका विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं. संसर्गानंतर आठवड्याभराने ती वाढायला लागतात, तीन ते पाच आठवड्यांत शिखर गाठतात आणि नंतर कित्येक महिने रेंगाळतात. म्हणजे एकच वाढलेला आकडा गेल्या महिन्यातल्या घशाचा असू शकतो किंवा वर्षाच्या सुरुवातीच्या विसरलेल्या घशाचाही. लहान मुलांत, किंवा मुलांच्या सतत सहवासात असणाऱ्यांत, तो थोडा वर असणं अगदी नेहमीचं. म्हणून ही चाचणी दोनदा करायची, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. आकडा ठळकपणे चढला किंवा उतरला तर संसर्ग ताजा. जिथल्या तिथे राहिला तर त्यावरून काही ठरवू नका. एका आकड्यावर ‘स्ट्रेप्टोकोकस सापडला’ म्हणून फाईल बंद करणं हा या विकारातला सर्वांत सोयीस्कर आणि म्हणूनच धोकादायक शेवट आहे.

आता एक्स-रे. खोकला नसताना तो कशासाठी, हे एका रुग्णाच्या हकिकतीतून जास्त नीट कळेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती साधारण तुमच्याच वयाची, लहान मुलांना शिकवणारी. दोन्ही नडग्यांवर गाठी, घोटे इतके सुजलेले की सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागायची, अंगात थोडा ताप. आमच्याकडे येण्याआधी तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून पाच दिवस स्टिरॉईडच्या गोळ्या घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून गाठी फिक्या पडल्या, गोळ्या संपल्या आणि आठवड्यात सगळं परत आलं, घोट्यांसकट. घसा दुखल्याचं आठवत नव्हतं, पोट ठीक, नवं औषध नाही. ईएसआर ७८. एएसओ २४०, म्हणजे प्रयोगशाळेने छापलेल्या २०० या मर्यादेच्या जरासा वर. दिवसभर लहान मुलांत वावरणाऱ्या बाईत या आकड्याला मी फार किंमत दिली नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितलं. तो २३० आला. म्हणजे हलला नाही.

एक्स-रेमध्ये मात्र दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी, जिथे श्वासनळीच्या फांद्या आत शिरतात तिथे, लसिकाग्रंथी वाढलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना, जवळजवळ सारख्या. फुप्फुसं स्वच्छ. तिला खोकला नव्हता, दम नव्हता, आणि तरी छातीत हे चित्र होतं. या ग्रंथी श्वासनळीवर फारसा दाब देत नाहीत, त्यामुळे त्यांची चाहूल लागत नाही. नडगीने चाहूल दिली म्हणून आम्ही तिथे पाहिलं.

नडगीवर गाठी, घोट्यांना सूज, आणि छातीत दोन्ही बाजूंच्या ग्रंथी हे त्रिकूट स्वीडनचे डॉक्टर स्वेन लॉफग्रेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर सविस्तर मांडलं, म्हणून त्याला लॉफग्रेन सिंड्रोम म्हणतात. तो सार्कॉयडोसिसचा एक तीव्र पण स्वभावाने सौम्य प्रकार आहे. सार्कॉयडोसिसमध्ये शरीरात ठिकठिकाणी पेशींचे छोटे पुंजके तयार होतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. कुणाकुणात हा आजार फुप्फुस, डोळा किंवा हृदय बिघडवतो. पण लॉफग्रेनच्या रूपात सुरू झालेला आजार बहुतेकांत एक-दोन वर्षांत आपोआप मावळतो. थोडक्यात, जोराने सुरू झालेला बरा.

पण इथेच एक अडचण उभी राहते. छातीतल्या ग्रंथी टीबीतही वाढतात, आणि टीबीचा पहिला संसर्गही नेमक्या याच गाठी नडगीवर आणू शकतो. टीबीच्या ग्रंथी बहुधा एकाच बाजूला असतात, सार्कॉयडोसिसच्या दोन्ही बाजूंना सारख्या. पण ‘बहुधा’ हा शब्द सोडू नका. शिवाय लिम्फोमातही छातीत ग्रंथी वाढतात. आता उपचाराकडे पाहा. सार्कॉयडोसिसला गरज पडली तर स्टिरॉईड द्यायचं असतं. टीबीला टीबीची औषधं न देता नुसतं स्टिरॉईड दिलं तर दबून राहिलेला जंतू मोकळा सुटू शकतो. आणि लिम्फोमा स्टिरॉईडने काही आठवडे आकसतो, त्यामुळे नंतर काढलेल्या तुकड्यात तो नीट ओळखू येत नाही. एकच गोळी, तीन आजारांत तीन वेगळे परिणाम. तुमच्या प्रश्नातल्या ‘मीही त्याच घेऊ का’ याला मी पहिल्याच वाक्यात नाही म्हटलं ते यामुळे.

तिची मँटू चाचणी पूर्ण कोरी आली. मँटूमध्ये हाताच्या कातडीत टीबीच्या जंतूपासून काढलेल्या ट्युबरक्युलिनचा थेंब टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी तिथे आलेला कडकपणा मिलिमीटरमध्ये मोजतात. लाली मोजायची नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. टीबीमुळे या गाठी आल्या असतील तर ही चाचणी सहसा जोरात येते, कधी टोचलेल्या जागी फोडही उठतो. कारण गाठी त्याच सुमारास येतात, जेव्हा शरीर टीबीच्या जंतूला नुकतंच ओळखायला लागलेलं असतं. सार्कॉयडोसिसमध्ये उलट घडतं, ही प्रतिक्रिया मंदावते. म्हणून कोरी मँटू सार्कॉयडोसिसशी जुळत होती. पण तिने नुकतंच स्टिरॉईड घेतलं होतं आणि स्टिरॉईडनेही मँटू दाबली जाऊ शकते. तेव्हा या कोऱ्या निकालावर पूर्ण विसंबता येईना. त्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी आमच्या हातातला एक चांगला पुरावा असा भुसभुशीत करून टाकला.

दुसरीकडे, मँटू किंवा आयजीआरए पॉझिटिव्ह आली म्हणजे टीबीचा आजार झाला असंही नाही. या चाचण्या सांगतात की शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. ती गेल्या महिन्यात पडली की बालपणी, आणि जंतू आता झोपलेला आहे की जागा, हे त्यांना सांगता येत नाही. त्यामुळे निकाल पॉझिटिव्ह आला तर त्याच्या शेजारी एक्स-रे, ताप, वजन आणि घरात कुणाला टीबी झाला होता का, हे सगळं ठेवून वाचावं लागतं. गरज पडली तर थुंकीची किंवा ग्रंथीतल्या नमुन्याची तपासणी. लॉफग्रेनचं चित्र अगदी पुस्तकातल्यासारखं असेल आणि टीबीचा संशय कमी असेल, तर पुष्कळ ठिकाणी नमुना न घेताच रुग्णावर लक्ष ठेवतात आणि ते योग्यच आहे. तिच्या बाबतीत मँटूवर भरवसा उरला नव्हता, म्हणून छातीच्या डॉक्टरांनी श्वासनळीतून अल्ट्रासाऊंडची दुर्बीण घालून ग्रंथीतून सुईने नमुना घेतला. ग्रॅन्युलोमा सापडले, पण टीबीत मध्यभागी जो चिजासारखा मऊ कुजलेला भाग दिसतो तो नव्हता. टीबीचं कल्चर वाढायला काही आठवडे घेतं, तेही कोरं राहिलं.

मग उपचार काय केला? नेप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून दोनदा. झोपताना आणि बसताना पाय उंच. दिवसा चालताना दाब देणारे मोजे. डोळ्यांची तपासणी आणि ईसीजी करून घेतला, कारण सार्कॉयडोसिस तिथे गुपचूप शिरू शकतो. रक्तातलं कॅल्शियम पाहिलं आणि तोवर तिने स्वतःहून सुरू केलेल्या व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमच्या गोळ्या थांबवल्या. ग्रॅन्युलोमा स्वतःच व्हिटॅमिन डीचं जोरकस रूप तयार करतात, वरून गोळ्या घेतल्या तर कॅल्शियम चढू शकतं. सांधे दुखले की या गोळ्या सुरू करायची सवय फार पसरली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. स्टिरॉईड लागलं नाही. सहा-सात आठवड्यांत गाठी गेल्या, घोटे त्याहून जरा उशिरा मोकळे झाले, आणि सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेत ग्रंथी बऱ्याच लहान झालेल्या होत्या.

तुमचं चित्र, म्हणजे गाठी, घोटे आणि कणकण, तिच्यासारखं वाटतं खरं, पण त्यावरून तुम्हालाही तेच असेल असं समजू नका. घोटे दुखणं आणि कणकण हे एरिथीमा नोडोसममध्ये कारण कुठलंही असलं तरी होतं. अगदी साध्या घशानंतरही होतं. फरक कळतो तो छातीच्या फोटोत. स्वस्त, सुटसुटीत आणि किरणांचा डोस अगदी थोडा असलेली ही एक चाचणी दोन मोठ्या कारणांबद्दल एकदम काहीतरी सांगते, म्हणून खोकला असो-नसो, ती आम्ही सहसा सोडत नाही.

तुम्ही बायोप्सीबद्दल विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेल. दोन्ही नडग्यांवर समोरच्या बाजूला, न फुटलेल्या, सहा आठवड्यांच्या आतल्या गाठींना ती लागत नाही. गाठ फुटली, तिच्यातून स्राव आला, ती पोटरीवर मागच्या बाजूला आहे, बरी होताना खड्डा पडला किंवा आठ आठवडे उलटूनही नव्या येतच आहेत, तर मात्र करायलाच हवी. पोटरीवरची फुटणारी गाठ हा वेगळाच विकार असू शकतो, एरिथीमा इंड्युरेटम नावाचा, आणि त्याचा टीबीशी जवळचा संबंध असतो. बायोप्सी झालीच तर ती ताज्या गाठीची आणि खोल हवी. वरवरचा छोटा तुकडा कातडीपाशीच संपतो, चरबीचे पडदे त्यात येतच नाहीत, आणि मग ‘विशेष काही नाही’ असा अहवाल हातात पडतो, जो खरं तर काहीच सांगत नसतो.

आणखी एक सारखा दिसणारा आजार सांगून ठेवते, कारण नावातल्या साम्यामुळे गोंधळ होतो. कुष्ठरोगाच्या एका प्रतिक्रियेतही दुखऱ्या लाल गाठी येतात, तिच्या नावात ‘एरिथीमा नोडोसम लेप्रोसम’ असं असतं. पण त्या गाठी चेहऱ्यावर, दंडांवर, अंगावरही येतात, ताप जास्त असतो, आणि शोधलं तर बधिर चट्टे किंवा जाड झालेल्या नसा सापडतात. हा निराळा आजार, त्याचा उपचारही पूर्ण निराळा. तुमच्या गाठी फक्त नडग्यांवर आहेत, तरी अंगावर कुठे बधिर डाग आहे का हे एकदा पाहून घ्यायला हरकत नाही.

तोवर घरी काय करायचं: शक्य तितका पायाला आराम, पाय छातीच्या पातळीपर्यंत उंच, दुखण्याच्या जागी कापडात गुंडाळलेला थंड शेक. गाठी चोळू नका, मालिश नको, फोडायचा प्रयत्न तर अजिबात नको, आत फोडण्यासारखं काही नसतं. नेप्रोक्सेन किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा त्रास, आतड्याच्या आजाराचा संशय किंवा गर्भारपण असेल तर ती तुमच्यासाठी नाही. गोळी घेऊनही गाठी रेंगाळल्या तर पोटॅशियम आयोडाईड हे जुनं औषध कधी कधी चांगलं काम करतं, पण ते थायरॉईड बिघडवू शकतं आणि गर्भारपणात चालत नाही, म्हणून ते देखरेखीखालीच. अँटिबायोटिक फक्त घशात किंवा इतरत्र जंतू असल्याचा पुरावा असेल तर. लाल आणि गरम दिसतं म्हणून या गाठींना अँटिबायोटिक देण्याचा उपयोग नाही.

काही गोष्टी घडल्या तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली, तर ती गाठ नसून शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. एका पायावर लाली भराभर पसरत जाऊन हुडहुडी भरली, तर तो कातडीचा जंतुसंसर्ग असू शकतो. डोळा लाल होऊन उजेड सहन होईना, दम लागू लागला किंवा छातीत धडधड होऊन चक्कर आली, तरी त्याच दिवशी दाखवा.

समजा एक्स-रे स्वच्छ आला, टीबीची चाचणी कोरी, पोट ठीक, एएसओ दोन्ही वेळा सारखाच. मग तुम्ही त्या निम्म्या लोकांत आहात ज्यांचं कारण सापडत नाही. अशा वेळी पुढच्या महागड्या तपासण्यांच्या मागे धावण्यात अर्थ नसतो. सहा ते आठ आठवड्यांत गाठी विरायला हव्यात, ईएसआर उतरायला हवा. तसं झालं तर थांबायचं. गाठी पुढे वर्ष-दोन वर्षांत पुन्हा आल्या, तर मागच्या वेळी तपासणी झाली होती म्हणून ती टाळू नका, विशेषतः एक्स-रे आणि पोटाची चौकशी, कारण आतड्याचे काही आजार गाठींच्या मागून काही महिन्यांनी उघड होतात. आणि या वेळचा एक्स-रे, कोरा आला तरी, फिल्मसकट जपून ठेवा. पुढच्या वेळी ग्रंथी नव्याने वाढल्या की आधीपासूनच होत्या, हे त्याच्याशी ताडूनच सांगता येतं.